सकाळी उठताच दुखणारे डोके आणि रात्री उतरलेली साखर

सांगलीजवळच्या एका गावातील ६१ वर्षांच्या बाईंची ही हकीकत आहे. त्यांना मधुमेह होऊन चौदा वर्षे झाली आहेत आणि गेली चार वर्षे त्या दिवसातून दोनदा ३०/७० हे मिश्र इन्शुलिन घेतात, सकाळी न्याहारीपूर्वी २२ युनिट आणि रात्री जेवणापूर्वी १६ युनिट. गेल्या उन्हाळ्यात त्यांना पहाटे साडेपाचला जाग येतानाच डोके दुखू लागले. कपाळाभोवती फडके घट्ट आवळून बांधावे तसे, दोन्ही बाजूंनी सारखे, ठणका नसलेले दुखणे. त्या उठत, दोन चमचे साखर घातलेला चहा करीत, त्यात एक-दोन खारी बुडवून खात आणि तास-दीड तासाने डोके उतरे. मग साडेसातला त्या ग्लुकोमीटरवर साखर बघत. ती कधी १६८ येई, कधी १७५. (या लेखातील साखरेचे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापातील आहेत.) वहीतील ‘उपाशीपोटी’ या रकान्यात हे आकडे पाहून त्यांच्या डॉक्टरांनी रात्रीचे इन्शुलिन १६ वरून १८ युनिट केले. त्यानंतर डोकेदुखी आठवड्यातून दोन दिवसांवरून चार-पाच दिवसांवर गेली.

उलगडा झाला तो त्यांच्या सुनेच्या एका वाक्याने. अंथरूण आवरताना ती म्हणाली, “आई, तुमच्या उशीचा अभ्रा आज पण ओला आहे. पंखा चालू होता की रात्रभर. आणि रात्री तुम्ही झोपेत कुणाला तरी हाका मारत होतात.” घामाने भिजलेली उशी, झोपेतली बडबड आणि जाग येतानाच दुखणारे डोके या तीन गोष्टी इन्शुलिन घेणाऱ्या माणसात एकत्र दिसल्या, तर रात्री साखर उतरली असावी असा संशय सर्वांत आधी घ्यायला हवा. पण संशय म्हणजे निदान नव्हे. रक्तातील साखर उतरल्यामुळे डोके दुखते हे खरे असले, तरी मधुमेह असलेल्या माणसाचे डोके इतर अनेक कारणांनीही दुखते, आणि कारण चुकीचे ठरवले तर उपायही उलटा होतो, जसा येथे इन्शुलिन वाढवण्याने झाला.

साखर उतरल्यावर डोकेच का दुखावे, हे आधी पाहू. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जितकी ऊर्जा वापरते त्यातील सुमारे पाचवा भाग एकटा मेंदू घेतो, आणि ती मुख्यतः ग्लुकोजमधून मिळवतो. यकृत किंवा स्नायू यांच्याप्रमाणे ग्लुकोजचा मोठा साठा करून ठेवण्याची सोय मेंदूजवळ नाही; त्याला रक्तातून सतत पुरवठा लागतो. रक्तातील ग्लुकोज ७० च्या खाली गेले की वैद्यकात त्याला साखर कमी होणे म्हणतात, आणि ५४ च्या खाली गेले की मेंदूचे काम मंदावू लागण्याइतकी ती कमी झालेली असते. अशा वेळी शरीर ॲड्रेनॅलिन आणि इतर संप्रेरके सोडून यकृताला साखर सोडायला लावते. त्याच वेळी मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाहही वाढतो, जणू पुरवठा पातळ झाला म्हणून नळ जास्त सोडावा. घाम, थरथर, छातीत धडधड आणि कडकडून भूक ही त्या ॲड्रेनॅलिनची व त्याच्यासोबतच्या चेतासंदेशांची लक्षणे आहेत. डोके दुखणे, चिडचिड, शब्द न सुचणे, डोळ्यांपुढे अंधुक दिसणे ही मेंदूच्या उपासमारीची बाजू आहे.

दिवसा जागेपणी साखर उतरली तर सहसा घाम आणि थरथर आधी जाणवते, माणूस काहीतरी गोड खातो आणि डोके दुखण्याची वेळ येतेच असे नाही. रात्रीचे तसे नसते. झोपेत ॲड्रेनॅलिनचा प्रतिसाद मुळातच मंद असतो, त्यामुळे बऱ्याच वेळा माणसाला जाग येत नाही आणि साखर तास-दोन तास कमीच राहते. हा काळ लांबला की पहाटे उरतो तो केवळ परिणाम: जड डोके, न शमलेला थकवा, भिजलेले कपडे आणि रात्री विचित्र स्वप्ने पडल्याची पुसट आठवण. म्हणूनच साखर उतरल्याच्या डोकेदुखीचा विचार करताना मी सकाळच्या डोकेदुखीला सर्वांत जास्त महत्त्व देतो. दिवसाची घटना माणसाच्या डोळ्यांसमोर घडते. रात्रीची घटना शोधून काढावी लागते.

आता इन्शुलिनकडे येऊ. ३०/७० या मिश्रणात तीस टक्के साधे इन्शुलिन आणि सत्तर टक्के एनपीएच असते. एनपीएच म्हणजे ते गढूळ, दुधाळ दिसणारे, मध्यम काळ टिकणारे इन्शुलिन. साधा भाग अर्ध्या तासात काम सुरू करतो आणि दोन ते चार तासांत त्याचा जोर सर्वाधिक असतो. तो रात्रीच्या जेवणासाठी असतो. एनपीएचचा जोर मात्र टोचल्यापासून साधारण चार ते दहा तासांच्या मधे केव्हातरी शिखरावर येतो. रात्री आठला टोचले तर हे शिखर मध्यरात्रीनंतर, बहुधा दोन-तीनच्या आसपास येते. त्या वेळी पोटात जेवण उरलेले नसते आणि अंगाची इन्शुलिनची गरजही चोवीस तासांत सर्वांत कमी असते. जोर जास्त आणि गरज कमी अशी ही वेळ असल्यामुळे या इन्शुलिनवर असलेल्यांची साखर मध्यरात्रीनंतर उतरते. ग्लार्जिनसारख्या दिवसभर टिकणाऱ्या इन्शुलिनला असे ठळक शिखर नसते, त्यामुळे त्याच्यावर हा धोका कमी असतो. पण मात्रा जास्त झाली असेल, तर पहाटेपर्यंत साखर हळूहळू घसरत जाऊ शकते.

या बाईंची मात्रा चार वर्षे ठीक चालली होती, मग आताच काय बिघडले? विचारल्यावर दोन बदल पुढे आले. वजन कमी करण्यासाठी त्यांनी रात्रीच्या दोन भाकऱ्यांऐवजी एकच भाकरी आणि वाटीभर आमटी घ्यायला सुरुवात केली होती, आणि शेजारणींबरोबर आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी चाळीस मिनिटे चालायला जाऊ लागल्या होत्या. दोन्ही बदल चांगलेच होते. पण व्यायामानंतर स्नायू आपला साखरेचा साठा भरून काढण्यासाठी कित्येक तास रक्तातून ग्लुकोज ओढत राहतात, आणि संध्याकाळच्या चालण्याचा हा परिणाम मध्यरात्रीनंतरही चालू असतो. जेवण कमी झाले, चालणे वाढले आणि इन्शुलिन मात्र तेवढेच राहिले, किंबहुना दोन युनिट वाढले.

सकाळच्या १६८ चे काय, हा प्रश्न उरतो. रात्री साखर उतरल्यावर शरीर उसळी मारून ती सकाळी वाढवते, असे एक स्पष्टीकरण पूर्वी सर्रास दिले जाई. असे कधीकधी घडते, पण समजले जाई तितके ते नेहमीचे नाही. अंगावर सेन्सर लावून सलग मोजणी होऊ लागल्यापासून असे दिसते की रात्री साखर उतरलेल्या माणसाची सकाळची साखर बहुधा कमीच किंवा साधारण असते. या बाईंच्या बाबतीत कारण फार साधे होते. त्यांची ‘उपाशीपोटीची’ साखर उपाशीपोटीची नव्हतीच. गोड चहा आणि खारी पोटात गेल्यावर दोन तासांनी ती मोजलेली होती. त्यांनी हे लपवले नव्हते. चहा म्हणजे खाणे नव्हे अशी आपल्याकडची समजूतच आहे, आणि त्यांना कोणी नेमके विचारलेही नव्हते. म्हणून वही भरताना वेळेइतकेच आधी काय पोटात गेले हेही लिहावे, आणि डोके दुखत असेल तेव्हा तर चहाचे पातेले चुलीवर चढवण्याआधी बोट टोचावे.

रात्री साखर उतरते की नाही हे ठरवण्याचा मार्ग एकच आहे: ती त्या वेळी मोजणे. मिश्र इन्शुलिन रात्रीच्या जेवणापूर्वी घेणाऱ्याने झोपण्यापूर्वी एकदा, मध्यरात्रीनंतर दोन ते तीनच्या दरम्यान एकदा आणि उठल्याबरोबर काहीही पोटात जाण्यापूर्वी एकदा, असे तीन आकडे काही रात्री घ्यावेत. एका रात्रीने काहीच ठरत नाही, कारण साखर रोज उतरतेच असे नाही. चाललेल्या आणि न चाललेल्या, कमी जेवलेल्या आणि नेहमीसारख्या जेवलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या रात्री त्यात याव्यात. बोट टोचण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करावेत. बोटाला फळाचा किंवा साखरेचा अंश असेल तर आकडा खोटा वाढतो आणि उतरलेली साखर झाकली जाते. पट्ट्यांची मुदत पाहावी आणि डबी उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. चांगल्या ग्लुकोमीटरमध्येही शंभरच्या खालच्या आकड्यात पंधरापर्यंत फरक चालतो असे धरले जाते, म्हणून घाम फुटलेला असताना ७४ दिसले तर ‘सत्तरच्या वर आहे’ म्हणून निश्चिंत होऊ नये.

दंडावर लावण्याचा सेन्सर मिळाला तर रात्रीचा सगळा आलेखच समोर येतो आणि झोपमोड टळते. मात्र त्याच्या दोन खोडी माहीत हव्यात. ज्या दंडावर तो आहे त्याच कुशीवर माणूस झोपला, तर दाबामुळे साखर उतरल्याचा खोटा खड्डा आलेखात दिसतो. कूस बदलताच तो झटकन भरून येतो. आणि काही कंपन्यांच्या सेन्सरवर पॅरासिटामॉल घेतल्यानंतर काही तास आकडा खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. डोके दुखते म्हणून गोळी घेणाऱ्यासाठी ही खोड महत्त्वाची आहे, त्यामुळे आपल्या सेन्सरच्या माहितीपत्रकात हे तपासून घ्यावे आणि शंका आली तर बोटाच्या रक्तावर खात्री करावी.

या बाईंनी सुनेच्या मदतीने दोन आठवड्यांत सहा रात्री, गजर लावून, पावणेतीनला साखर मोजली. आकडे असे आले: ५८, ११४, ५२, १२१, ६६ आणि १०९. सहापैकी तीन रात्री साखर सत्तरच्या खाली होती, आणि त्या तिन्ही रात्री म्हणजे संध्याकाळी चालून आलेल्या दिवसांच्या रात्री होत्या. ५२ च्या रात्री त्यांना उठवले तेव्हाच डोके दुखत होते आणि ‘कोण आहे?’ असे त्यांनी सुनेलाच विचारले. ५८ च्या रात्री वेळीच ग्लुकोज दिल्यावर सकाळी डोके थोडेसेच जड होते. ६६ च्या रात्री डोके दुखलेच नाही. आणि १२१ च्या रात्रीनंतर, म्हणजे साखर उत्तम असताना, सकाळी डोके चांगलेच दुखले. चौकशी केली तेव्हा कळले की आदल्या दिवशी त्या एका लग्नाला गेल्या होत्या, दुपारचा आणि संध्याकाळचा चहा चुकला होता, आणि उन्हात पाणीही फारसे प्यायले गेले नव्हते.

ही शेवटची सकाळ मला सर्वांत शिकवणारी वाटते. साखर उतरली म्हणजे डोके दुखेलच असे नाही आणि डोके दुखले म्हणजे साखर उतरलीच असे नाही, हे एकाच घरात, एकाच पंधरवड्यात दिसले. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात उपासाने होणाऱ्या डोकेदुखीचा वेगळा प्रकारच नोंदलेला आहे, आणि ती डोकेदुखी रक्तातील साखर कमी न होताही होऊ शकते असे तेथे म्हटले आहे. त्यामुळे मधुमेह नसलेल्या माणसाचेही एकादशीच्या संध्याकाळी डोके दुखते, आणि त्याच माणसाला मधुमेह असला तर घरचे लगेच ‘साखर कमी झाली असेल’ म्हणून हातावर गूळ ठेवतात.

गोड खाऊन बरे वाटले, म्हणजे साखरच कमी होती, ही कसोटीही म्हणून फसवी आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी फसवते. चहा-खारीने या बाईंचे डोके उतरत असे, पण चहात साखरेबरोबर कॅफिनही असते, आणि कॅफिनची सवय असलेल्याचे डोके ते न मिळाल्याने दुखते व मिळाल्याने थांबते. उलट बाजूने, साखर खरोखर उतरली होती आणि ती पूर्ववत झाली, तरी डोके पुढे काही तास दुखत राहू शकते, विशेषतः ती बराच वेळ कमी राहिली असेल तर. घाम आणि थरथर दहा-पंधरा मिनिटांत ओसरतात, डोके मागे रेंगाळते. हे ठाऊक नसल्यामुळे माणूस डोके थांबेपर्यंत गोड खात राहतो आणि दहा वाजता साखर तीनशेवर जाते. गोड किती घ्यायचे हे डोक्यावरून ठरवू नये, ग्लुकोमीटरवरून ठरवावे.

आणखी एका गोंधळाची जागा सांगितली पाहिजे. ज्यांची साखर महिनोन्महिने अडीचशे-तीनशे राहिली आहे, त्यांना उपचार सुरू झाल्यावर साखर शंभरच्या घरात आली तरी थरथर, भूक आणि डोके जड होणे जाणवते, कारण शरीराला वरच्या पातळीची सवय झालेली असते. हा त्रास खरा आहे, पण तो मेंदूला धोक्याचा नाही आणि काही आठवड्यांत जातो. याच्या अगदी उलट, ज्यांची साखर वारंवार उतरते त्यांच्यात ॲड्रेनॅलिनचा इशाराच बोथट होतो. त्यांना घाम नाही, थरथर नाही, थेट डोके दुखते किंवा बोलणे अडखळते. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येत राहतो. अर्धशिशीसाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल याच जातीचे औषध आहे, म्हणून इन्शुलिन आणि प्रोप्रॅनोलॉल दोन्ही घेणाऱ्याने डोकेदुखी आली की ‘नेहमीचीच अर्धशिशी’ असे गृहीत न धरता एकदा बोट टोचून पाहावे.

सकाळच्या डोकेदुखीची बाकी कारणे ओळखायला तिचे रूप आणि तिच्याबरोबर काय येते हे पाहावे लागते. जोराने घोरणारा, झोपेत मधेच श्वास अडकणारा, दिवसा बसल्या बसल्या पेंगणारा माणूस असेल आणि मधुमेहाबरोबर वजनही जास्त असेल, तर झोपेत श्वास थांबण्याच्या विकाराचा विचार करावा. त्याची डोकेदुखीही दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी असते आणि उठल्यावर चार तासांच्या आत जाते. ती साखरेच्या डोकेदुखीची जवळजवळ जुळी बहीण आहे, आणि दोघींना वेगळे करतो तो रात्रीचा आकडाच. अर्धशिशी बहुधा एका बाजूला ठणकते, मळमळ आणते, उजेड-आवाज नकोसा करते आणि जिना चढल्याने वाढते. मात्र उपासाने अर्धशिशी उठू शकते, म्हणून जेवण चुकले असेल तर दोन्ही शक्यता मोजून पाहाव्यात. साखर फार वाढली, वारंवार लघवी होऊन अंगातील पाणी कमी झाले, तरी डोके दुखते. अशा वेळी तहान आणि कोरडे तोंड असते, घाम नसतो, आणि हातावर गूळ ठेवणे हा नेमका चुकीचा उपाय ठरतो. रक्तदाब थोडाफार वाढल्याने सहसा डोके दुखत नाही. तो १८०/१२० च्या घरात पोहोचला असेल आणि डोके दुखत असेल तर मात्र उशीर करू नये. आणि महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस वेदनाशामक गोळी महिनोन्महिने घेतली जात असेल, तर ती गोळीच डोकेदुखीचे कारण होऊन बसलेली असू शकते.

काही डोकेदुख्यांत साखर मोजल्यावर थांबायचे नसते. क्षणार्धात शिखरावर गेलेली, आयुष्यात कधी अनुभवली नाही इतकी तीव्र डोकेदुखी, तापाबरोबर ताठलेली मान, तोंड वाकडे होणे किंवा एक हात-पाय लुळा पडणे, अचानक एकाचे दोन दिसणे, यांत थेट रुग्णालय गाठावे. साखर खूप उतरल्यानेही अर्धांगवायूसारखी लक्षणे येतात, म्हणून अशा वेळी साखर जरूर मोजावी आणि कमी असेल तर द्यावी, पण ती नीट झाल्यावरही लक्षणे गेली नाहीत तर कारण मेंदूतील गुठळी असू शकते. मधुमेहींसाठी आणखी एक खूण आहे. साखर बरीच वाढलेली असताना चेहऱ्याच्या एका बाजूला दुखणे, गाल किंवा डोळ्याभोवती सूज आणि नाकातून काळसर स्राव ही म्युकरमायकोसिसची लक्षणे आहेत. २०२१ मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रात हा आजार घरोघरी माहीत झाला, त्यामुळे त्याचे वेगळे वर्णन करण्याची गरज नसावी.

साखर सत्तरच्या खाली आढळली तर काय करावे, हे पाहू. चहाचे तीन शिगोशीग चमचे ग्लुकोज पावडर, म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम, अर्धा पेला पाण्यात विरघळवून प्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजावी आणि अजून सत्तरच्या खाली असेल तर तेवढीच मात्रा पुन्हा घ्यावी. साखर वर आल्यावर पुढच्या जेवणाला वेळ असेल, जसा रात्री असतोच, तर अर्धी भाकरी किंवा कपभर दूध आणि दोन बिस्किटे खाऊन झोपावे. पेढा, बर्फी आणि चॉकलेट यांनी सुरुवात करू नये. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. आणि एक गोष्ट आपल्याकडे विशेष सांगण्याजोगी आहे. पुष्कळ मधुमेहींना इन्शुलिनबरोबर व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी असते. ही औषधे आतड्यात साध्या साखरेचे विघटन लांबवतात, त्यामुळे त्यांच्यावर असलेल्या माणसाला घरातील साखर, गूळ किंवा सरबत वेळेवर उपयोगी पडत नाही. त्याला ग्लुकोजच द्यावे लागते. या बाईंना व्होग्लिबोज चालू होते, आणि उशाशी खडीसाखरेची डबी होती. ती बदलून तेथे ग्लुकोजचा पुडा आणि चमचा ठेवला.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, गूळ हिरड्यांना चोळत बसू नये. त्याला कुशीवर वळवावे, घरात साखर वाढवणारे ग्लुकागॉन असेल आणि ते देण्याचे शिकवलेले असेल तर द्यावे, आणि १०८ ला फोन करावा.

मात्रा बदलताना इन्शुलिन स्वतःहून बंद करायचे नसते. रात्रीचे आणि पहाटेचे चहाआधीचे आकडे (चाललेल्या दिवसांनंतर ते ८४ आणि ७९ होते) घेऊन सून आणि सासू डॉक्टरांकडे गेल्या, तेव्हा त्यांनी रात्रीची मात्रा १८ वरून १४ युनिट केली, म्हणजे साधारण पाचव्या भागाने कमी. त्याच बैठकीत त्यांनी आणखी दोन गोष्टी तपासल्या. एक, बाई बाटलीतील, मिलिलिटरला ४० युनिटचे इन्शुलिन ४० युनिटच्याच, लाल टोपणाच्या सिरिंजने घेतात ना. पेनमधील १०० युनिटचे इन्शुलिन चुकून या सिरिंजने भरले गेले तर अडीचपट मात्रा अंगात जाते. ते बरोबर होते. दुसरी, बेंबीच्या डाव्या बाजूला सुईच्या जागी लिंबाएवढी मऊ गाठ बोटांना लागली. तेथे टोचायला दुखत नाही म्हणून त्या वर्षभर तेथेच टोचत होत्या. अशा गाठीतून इन्शुलिन कधी कमी तर कधी एकदम जास्त शोषले जाते, आणि जागा बदलून ताज्या त्वचेत टोचू लागल्यावर तीच मात्रा अधिक जोराने काम करते, म्हणून मात्रा कमी करणे आणि जागा बदलणे त्यांनी एकाच वेळी सांगितले. गढूळ इन्शुलिनची बाटली टोचण्यापूर्वी तळहातांमध्ये दहा वेळा घोळवण्याचेही पुन्हा दाखवून दिले, कारण खाली बसलेला थर नीट मिसळला नाही तर प्रत्येक सुईत वेगळीच मात्रा येते.

पुढच्या पंधरवड्यात चार रात्री मोजलेली साखर ११८, १०४, १२६ आणि ९७ अशी आली आणि पहाटेची, चहापूर्वीची, १२४ ते १३८ च्या दरम्यान राहिली. संध्याकाळचे चालणे त्यांनी चालूच ठेवले आहे. चालून आलेल्या रात्री झोपताना साखर १०० च्या खाली असेल तर त्या कपभर दूध पिऊन झोपतात. महिन्याभरात डोके दोनदा दुखले. दोन्ही वेळा त्यांनी आधी बोट टोचले, आकडा वहीत लिहिला, आणि मग पातेले चुलीवर ठेवले.